सिद्धी खऱ्या, तरी नकोत: पतंजली, पिंडोल आणि चांगदेव

चांगदेवाची गोष्ट मराठी घरात कुणी मुद्दाम शिकवत नाही, ती आपोआप माहीत होते. तापीकाठचा हा योगी चौदाशे वर्षं जगला असं परंपरा सांगते. दर शंभर वर्षांनी काळ न्यायला आला की तो प्राण ब्रह्मरंध्रात चढवून बसायचा आणि वेळ टळली की खाली उतरवायचा. आळंदीच्या चार भावंडांची कीर्ती त्याच्या कानावर गेली, तेव्हा त्याने पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यावरच अडला. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानाने मोठे. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर ही पोरं विशीच्या आतली. शेवटी त्याने कोरा कागदच पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली की चौदाशे वर्षं झाली, तरी हा कोराच राहिला. पुढे चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटायला निघाला आणि ही भावंडं बसल्या भिंतीसकट त्याला सामोरी गेली.

लहानपणी यातली भिंत लक्षात राहते. मोठेपणी मला प्रश्न पडला तो वाघाबद्दल. चांगदेव ढोंगी होता असं गोष्ट कुठेही म्हणत नाही. त्याचा वाघ खरा, साप खरा, आयुष्यही खरं. तरी तो हरतो. सिद्धी हे थोतांड आहे असं म्हणून ती नाकारणं सोपं आहे, आणि आज आपण बहुतेक जण तेच करतो. पण ज्यांनी सिद्धी खऱ्या मानल्या, त्या मिळवण्याच्या पद्धती लिहून ठेवल्या, त्याच लोकांनी शिष्यांना ‘यांच्या नादी लागू नका’ असं का सांगितलं? उत्तर शोधायला आधी पतंजलीकडे जावं लागतं, कारण ही यादी सर्वांत नीट त्याने केली आहे.

संयम म्हणजे काय

योगसूत्रांचे चार पाद आहेत. तिसऱ्याचं नाव विभूतिपाद, आणि त्यातली तिसेक सूत्रं सिद्धींवर खर्च झाली आहेत. पद्धत सगळीकडे एकच आहे. चित्त एका जागी बांधणं म्हणजे धारणा, ते तिथेच अखंड वाहत राहणं म्हणजे ध्यान, आणि त्यात ‘मी ध्यान करतोय’ हेही विसरून फक्त तो विषय उरणं म्हणजे समाधी. हे तिन्ही एकाच विषयावर लागलं की त्याला पतंजली ‘संयम’ म्हणतो. आपण आज हा शब्द धीर धरणं या अर्थाने वापरतो. इथे तो पारिभाषिक आहे.

मग सूत्रं सांगत जातात की कशावर संयम केला की काय मिळतं. बळावर केला तर हत्तीचं बळ. घशाच्या खळगीवर केला तर तहानभूक थांबते. नाभीवर केला तर शरीराची आतली रचना कळते. स्वतःच्या रूपावर केला तर माणूस दिसेनासा होतो. अणिमा, लघिमा वगैरे अष्टसिद्धी पंचमहाभूतांवरच्या संयमाने येतात.

यातलं एक सूत्र मला फार आवडतं. दुसऱ्याच्या चित्ताचं ज्ञान होतं असं सांगून झाल्यावर लगेच पुढचं सूत्र मर्यादा घालतं: चित्त कळेल, पण ते चित्त कशाचा विचार करतंय ती वस्तू कळणार नाही. समोरचा माणूस प्रेमात आहे की घाबरला आहे एवढं कळेल; कुणाच्या प्रेमात, कशाला घाबरून, ते नाही. कारण साधकाने संयम चित्तावर केला होता, त्या वस्तूवर नाही. चमत्कार सांगून भुलवणारा माणूस अशी मर्यादा लिहीत नाही. इथे कारण आणि परिणाम यांचा हिशेब ठेवणारा कुणीतरी बोलतोय, मग तो हिशेब आपल्याला पटो न पटो.

आणि याच हिशेबातून इशारा येतो. आत्मस्वरूपावर संयम करत असताना वाटेत काही गोष्टी आपोआप उगवतात: दूरचं ऐकू येणं, दिव्य स्पर्श, रूप, चव, गंध आणि एकदम सुचणारं ज्ञान. त्यांच्याबद्दल पतंजली म्हणतो की समाधीत त्या उपसर्ग आहेत आणि चित्त बाहेर आलेलं असताना सिद्धी. उपसर्ग हा शब्द मराठीतही आहे. डासांचा उपसर्ग, उंदरांचा उपसर्ग. म्हणजे तीच एक गोष्ट बाहेर उभ्या असलेल्याला कमाई वाटते आणि आत बसलेल्याला त्रास.

यात पाप, अहंकार किंवा देवाचा कोप यांचा संबंध नाही. चित्ताला ज्या दिशेने न्यायचं आहे, त्याच्या उलट दिशेने ही गोष्ट ओढते, एवढंच. समाधीचं काम चित्ताने स्वतःकडे वळण्याचं, आणि सिद्धी भोगायची तर चित्ताला बाहेर वस्तूंकडे जावं लागतं. दोन्ही एका वेळी होणार नाही.

मधल्या टप्प्यावरचं आमंत्रण

सूत्रांवर व्यासांचं भाष्य आहे. तिथे योग्यांचे चार टप्पे दिले आहेत. पहिल्यातला नुकता लागलेला, ज्याला जेमतेम उजेड दिसू लागलाय. दुसऱ्याला भाष्य ‘मधुभूमिक’ म्हणतं. त्याचं चित्त सत्याला धरून स्थिर झालं आहे, पण भूतं आणि इंद्रियं अजून जिंकायची आहेत. तिसऱ्याने ती जिंकलेली. चौथ्याचं काम जवळजवळ संपलेलं.

देवांचं आमंत्रण येतं ते फक्त दुसऱ्याला. इथे बसा म्हणतात. हे विमान, हा कल्पवृक्ष, ह्या अप्सरा, हे म्हातारपण घालवणारं रसायन, आणि हे सगळं तुमच्याच गुणांनी तुम्ही कमावलेलं आहे. शेवटचं वाक्य सर्वांत घातक, कारण ते खोटं नाही. पहिल्या टप्प्यावरच्याला कुणी बोलावत नाही, कारण त्याच्याकडे काही नाही. पुढच्या दोघांना बोलावून उपयोग नाही. धोका मधल्याला आहे, ज्याला थोडं मिळालंय आणि बरंच बाकी आहे.

भाष्य दोन चुका वेगळ्या करून सांगतं. एक म्हणजे आमंत्रण स्वीकारणं. दुसरी जास्त बारीक आहे: आमंत्रण नाकारून ‘देवसुद्धा माझ्या मागे लागतात’ म्हणून मनात सुखावणं. असा माणूस स्वतःला सुरक्षित समजतो, आणि मृत्यूने आपले केस धरलेले आहेत हे विसरतो. तेवढ्या फटीतून जुने क्लेश परत येतात.

चौथ्या पादाचं पहिलंच सूत्र आणखी एक दार बंद करतं. सिद्धी पाच वाटांनी येतात: जन्माने, औषधींनी, मंत्राने, तपाने आणि समाधीने. म्हणजे एखाद्याकडे सिद्धी दिसली, तर त्यावरून त्याची समाधी सिद्ध होत नाही. ती जन्मजात असेल किंवा कुठल्या मुळीचा प्रभाव असेल. परिणामावरून कारण ओळखता येत नाही, हे पतंजलीने स्वतःच मान्य करून टाकलं आहे. चमत्कार पाहून गुरू निवडणाऱ्याचा पाया इथेच निघून जातो.

राजगृहातलं भांडं

पतंजलीचा इशारा एकट्या साधकाला आहे. पण साधक एकटा नसतो. त्याच्याभोवती लोक असतात, त्याला जेवायला लागतं. त्या बाजूचा विचार बौद्धांच्या विनयपिटकात सापडतो, आणि तो योगसूत्रांहून जुना आहे. दीक्षाभूमीच्या शहरात राहणाऱ्या माझ्यासारख्याला ही परंपरा लांबची नाही. तिची एक गोष्ट मात्र चांगदेवाइतकी प्रसिद्ध व्हायला हवी होती.

राजगृहाच्या एका श्रेष्ठीला चंदनाचा मोठा ओंडका मिळाला. त्याने त्यातून भिक्षापात्र करवून घेतलं, बांबूला बांबू बांधून उंच टांगलं आणि जाहीर केलं की कुणी खरा अर्हत, ऋद्धिमान असेल त्याने ते उतरवून न्यावं. त्या काळचे सहा नामांकित आचार्य एकेक करून आले आणि ‘मीच अर्हत आहे, मला पात्र दे’ म्हणाले. श्रेष्ठी म्हणाला, असाल तर उतरवून घ्या. पुढे पिंडोल भारद्वाज नावाचा भिक्खू हवेत उठला, पात्र घेतलं आणि राजगृहाला तीन फेऱ्या घातल्या. श्रेष्ठीने पात्र उंची अन्नाने भरून दिलं. पिंडोल विहाराकडे निघाला तो मागे ओरडणारी गर्दी घेऊन.

गलका ऐकून बुद्धांनी चौकशी केली आणि पिंडोलाला सगळ्यांसमोर झापलं. एका लाकडी भांड्यासाठी तू हे केलंस? क्षुल्लक नाण्यासाठी लाज उघडी करणाऱ्याशी त्यांनी त्याची तुलना केली. मग नियम झाला की भिक्खूने गृहस्थांसमोर ऋद्धी दाखवू नये. पात्र फोडून त्याची पूड करायला सांगितली. डोळ्यांच्या अंजनात घालायला चंदन उपयोगी पडतं.

इथेही पिंडोल खोटा नव्हता, आणि म्हणूनच त्याची शिक्षा हलकी आहे. विनयाच्या भाषेत तो ‘दुक्कट’, म्हणजे किरकोळ दोष. आपल्याला खरोखर मिळालेली उच्च अवस्था दीक्षा न घेतलेल्या माणसाला सांगितली तर दोष त्याहून वरचा. आणि अवस्था नसताना ती आहे असं सांगितलं, तर संघातून कायमचं बाहेर. असे कायमचे बाहेर काढणारे, ‘पाराजिक’ नावाचे अपराध भिक्खूंसाठी फक्त चार आहेत: मैथुन, चोरी, मनुष्यवध आणि सिद्धीचा खोटा दावा. खुनाच्या शेजारी हा अपराध ठेवलेला पाहून मी दोनदा वाचून खात्री केली.

एवढा कडकपणा का, ते त्या नियमाच्या जन्मकथेत आहे. वज्जींच्या प्रदेशात दुष्काळ पडला होता. वग्गुमुदा नदीकाठच्या भिक्खूंना भिक्षा मिळेना. त्यांनी युक्ती काढली: गावात जाऊन एकमेकांची स्तुती करायची, की हा भिक्खू अमुक ध्यान साधलेला, तो तमुक ज्ञान झालेला. लोकांनी स्वतः अर्धपोटी राहून, बायकामुलांना कमी वाढून त्यांना दिलं. पावसाळा संपल्यावर सगळीकडचे भिक्खू रोडावून आले, हे मात्र गुबगुबीत होऊन आले. खोट्या सिद्धीची किंमत कुणी भरली, याचा हिशेब गोष्टीने ताटापर्यंत नेऊन ठेवला आहे.

नियमात एक अपवादही आहे. एखाद्याचा प्रामाणिक गैरसमज झाला, आपल्याला काही मिळालंय असं त्याला खरंच वाटलं, तर तो अपराधी नाही. ध्यानात असे भास होतात हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं. शिक्षा फसवणुकीला आहे, भासाला नाही.

हा फरक मला एका मुलामुळे कळला. काही वर्षांपूर्वी नागपुरात आणि इतरत्रही डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे मुलांचे वर्ग जोरात होते. नात्यातला नऊ वर्षांचा एक मुलगा अशा वर्गाला जायचा. घरी सगळ्यांसमोर पट्टी बांधून तो पत्त्यांचे रंग ओळखायचा, मोठी अक्षरं वाचायचा आणि आजी कौतुकाने त्याची दृष्ट काढायची. युक्ती सोपी असते. पट्टी कितीही घट्ट बांधा, नाकाच्या दोन्ही बाजूंना खाली बारीक फट राहते आणि तिच्यातून छातीजवळ धरलेलं दिसतं. त्यामुळे तपासणीही सोपी. मी पान त्याच्या कपाळासमोर, डोळ्यांच्या वर धरलं. तो थांबला. म्हणाला, ‘काका, असं नाही होत, खाली धरायचं.’ मग मी त्याला गच्चीवर नेऊन विचारलं. त्याला फट माहीत होती. वर्गातल्या सगळ्यांनाच माहीत होती, पण कुणी कुणाला सांगत नव्हतं, कारण ज्याला ‘दिसत नाही’ त्याच्या आईला बाई बाजूला बोलवायच्या. त्याने मला एवढंच विचारलं, की तुम्ही आजीला सांगणार का.

वग्गुमुदाकाठच्या भिक्खूंनी पोटासाठी केलं ते हा मुलगा कौतुकासाठी करत होता, आणि त्याला त्या जागी नेणारे आम्ही मोठे होतो. सिद्धीला बक्षीस ठेवलं की ती दाखवली जाते. मग ती असो वा नसो.

पाहणाऱ्याला कसं कळणार

नालंदेत केवट्ट नावाच्या गृहस्थाने बुद्धांना एक सूचना केली होती. इथे वस्ती मोठी, लोक श्रद्धाळू. एखाद्या भिक्खूला चमत्कार दाखवायला सांगा, म्हणजे श्रद्धा आणखी वाढेल. बुद्धांनी नकार दिला आणि कारण सांगितलं ते अगदी व्यवहारी होतं. समजा भिक्खू एकाचा अनेक झाला, पाण्यावर चालला. श्रद्धा असलेला माणूस ते जाऊन श्रद्धा नसलेल्याला सांगेल. तो म्हणेल, त्यात काय, गांधारी नावाची एक विद्या आहे, तिने हे जमतं. मनातलं ओळखलं तर म्हणेल, मणिका नावाची विद्या आहे. मग तुम्ही काय उत्तर देणार?

उत्तर नाहीच, आणि हाच मुद्दा आहे. ज्याची आधी श्रद्धा होती त्याची राहते, ज्याची नव्हती त्याची होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात हेच पाहायला मिळालं. मनातलं ओळखण्याबद्दल प्रसिद्ध असलेले एक महाराज कथेसाठी आले होते. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या श्याम मानव यांनी त्यांना तीस लाखांचं आव्हान दिलं की आमच्या अटींवर सिद्ध करून दाखवा. तशी चाचणी नागपुरात झाली नाही. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये त्यावर आठवडाभर भांडणं झाली आणि एकाचंही मत बदललं नाही. अटी घालून केलेली चाचणी फसवणूक पकडायला उपयोगी आहे, ती हवीच. पण ती पास झालेला माणूसही आपल्याला जगायचं कसं ते सांगू शकेल, असं कुठे आहे? केवट्टाला बुद्ध म्हणाले की तिसरा एक चमत्कार आहे, शिकवण. ती ज्याची त्याने वापरून पाहायची असते, त्यामुळे तिला दुसऱ्या विद्येचं निमित्त सांगून उडवून लावता येत नाही.

भिंत आणि पासष्ट ओव्या

आता चांगदेवाकडे परत जाता येईल. ज्ञानेश्वरांना सिद्धी माहीत नव्हत्या असं नाही. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ते कुंडलिनी जागी झालेल्या योग्याचं वर्णन मनापासून करतात. त्याला समुद्रापलीकडचं दिसतं, मुंगीच्या मनातलं कळतं, तो पाण्यावर चालतो आणि पाऊल भिजत नाही. वर्णन करतात आणि तिथे न थांबता पुढे निघून जातात. मुक्काम त्यांच्या लेखी दुसरीकडेच आहे.

चांगदेवाच्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून त्यांनी लिहिलं ते ‘चांगदेव पासष्टी’. पासष्ट ओव्यांचं हे पत्र वाचताना आपण चमत्काराची वाट पाहत राहतो, आणि तो येत नाही. वाघ नाही, साप नाही, भिंत नाही. चौदाशे वर्षांचा टोमणाही नाही. पत्र एकाच गोष्टीबद्दल बोलतं: पाहणारा आणि दिसणारं असे दोन वाटतात, ते मुळात एकच कसं आहे. आरसा असो नसो, तोंड तोंडापाशी आहेच. डोळा सगळं पाहतो, पण स्वतःला पाहायला त्याला दुसरं काही करावं लागत नाही. आणि शेवटाकडे अतिशय प्रेमाने सांगितलं आहे की तुला भेटायला जीव उतावीळ आहे, पण भेट तर आधीच झालेली आहे. नव्याने भेटायला गेलो तर त्या भेटीलाच बाधा येईल.

सिद्धीला यापेक्षा नेमकं उत्तर मला माहीत नाही. चांगदेव चौदाशे वर्षं काहीतरी मिळवत आला. पत्र त्याला सांगतं की मिळवायचं जे आहे ते मिळवणाऱ्याच्या जागीच आहे. दूर पाहण्याची शक्ती वाढवून पाहणारा सापडत नाही. पतंजलीचा ‘उपसर्ग’ तो हाच.

मग भिंत कुठून आली? संतचरित्रांतून. १७६२ च्या सुमारास महिपतींनी ‘भक्तविजय’ रचला, तोवर ही कथा घरोघरी रुळलेली होती. वाघावर बसून आलेला योगी आणि त्याला भिंतीवर बसून सामोरा जाणारा संत ही जोडी सूफी पीरांच्या कथांतही भेटते. म्हणजे ती एका माणसाची आठवण कमी आणि श्रेष्ठत्व ठरवण्याची लोकांची एक रीत जास्त आहे. रीत अशी की जिवंत प्राण्याला चालवणारा मोठा, पण निर्जीवाला चालवणारा त्याहून मोठा. हे तर राजगृहाच्या बांबूवर आणखी एक बांबू बांधण्यासारखं झालं. पत्राने जी स्पर्धा मोडीत काढली, तीच गोष्टीने ज्ञानेश्वरांना जिंकून दिली.

१९४० मध्ये प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटात ट्रिक फोटोग्राफीने ती भिंत चालली आणि लोकांनी थिएटरात हात जोडले असतील तर त्यांना दोष देता येत नाही. आळंदीत आजही भिंत दाखवतात आणि आपण तिचा फोटो काढतो. पण परंपरेने त्याच गोष्टीचा शेवट कसा केला आहे तेही पाहायला हवं. भिंतीपुढे नमलेल्या चांगदेवाला त्या चौघांपैकी गुरू म्हणून कोण मिळालं? सर्वांत धाकटी मुक्ताबाई. तिने त्याला चमत्कार दाखवला म्हणून नाही, तर त्या पत्राचा अर्थ त्याला लागत नव्हता आणि तो तिने त्याला समजावून दिला म्हणून.

पासष्टी सावकाश वाचली तरी अर्ध्या तासात होते. जुनी मराठी अडते, तेव्हा सोबत अर्थ दिलेली प्रत घ्यावी. चांगदेवालाही ती एकट्याने वाचता आली नव्हती.